आधी आई दाखवा

‘लॅब्राडॉर, ४५ दिवस, हेवी बोन, पहिली लस झालेली, होम डिलिव्हरी.’ कुत्र्याचं पिल्लू घ्यायचं मनात आलं आणि मोबाइलवर शोधायला बसलं की अशा जाहिराती ओळीने समोर येतात. त्यातला ४५ दिवसांचा आकडा इतका रुळला आहे की घेणाऱ्याला तोच नियम वाटतो. खरा नियम वेगळा आहे. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी केंद्र सरकारने २०१७ साली नियम केले. त्यांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. आठ आठवडे म्हणजे ५६ दिवस. म्हणजे नियम मोडल्याची कबुली जाहिरातीतच छापलेली असते आणि आपण ती वाचून फोन लावतो.

मधले हे अकरा दिवस विकणाऱ्याच्या दृष्टीने निव्वळ खर्चाचे. पिल्लं आता दुधावर भागत नाहीत, त्यांना खाणं लागतं, घाण वाढते, पुढच्या लसीची वेळ जवळ येते आणि पिल्लाचा कापसाच्या गोळ्यासारखा गोंडसपणा ओसरू लागतो. पिल्लाच्या दृष्टीने मात्र हेच दिवस शिकण्याचे. भावंडांशी खेळताना जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळ मोडतो, आई गुरगुरून दूर ढकलते. आपले दात किती लावायचे हे पिल्लू तिथे शिकतं. हे न शिकलेलं कुत्रं पुढे घरातल्या मुलाच्या हाताला दात लावतं, तेव्हा त्याला ‘रागीट’ ठरवून सोडून दिलं जातं. शिवाय ४५ हा आकडाही खराच असेल असं नाही. अनेकदा पिल्लू महिन्याभराचंच असतं. पशुवैद्याने तोंड उघडून दुधाच्या दाढा पाहिल्या की साधारण वय कळतं, पण तोवर पैसे दिलेले असतात.

समजा, पुण्यातल्या एका कुटुंबाने अशा जाहिरातीवरून फोन केला. पलीकडचा माणूस गोड बोलतो. ‘लॅब आहे, गोल्डन आहे, पग आहे, हस्कीपण मिळेल, तुम्हाला काय हवं सांगा ताई.’ इथेच सावध व्हायला हवं. मन लावून पैदास करणारा माणूस एक किंवा फार तर दोन जाती सांभाळतो आणि त्याच्याकडे बहुतेक वेळा पिल्लू तयार नसतं, थांबावं लागतं. मागाल ती जात उद्या हजर करणारा पिल्लं गोळा करून विकतो. ताई विचारतात, ‘पिल्लांची आई बघता येईल का?’ उत्तर येतं, ‘ती गावाकडच्या फार्मवर आहे. आणि पिल्लं असताना ती अनोळखी माणसाला जवळ येऊ देत नाही. तुम्ही कशाला एवढा त्रास घेता, मी हायवेवर आणून देतो.’

या एका उत्तरावर व्यवहार थांबवावा, असं माझं ठाम मत आहे. व्यालेली कुत्री पहिले दोन-तीन आठवडे पिल्लांना जपते हे खरं. पण पिल्लं आठ आठवड्यांची होईपर्यंत ती स्वतःच त्यांना कंटाळलेली असते आणि चांगल्या घरातली कुत्री मालक शेजारी असताना पाहुण्याला हुंगून बाजूला होते. आई दाखवत नाहीत, कारण दाखवण्याजोगी ती उरलेली नसते. कुत्री साधारण सहा महिन्यांनी माजावर येते, गाभणकाळ जेमतेम ६३ दिवसांचा. प्रत्येक माजाला नर दाखवला तर चार वर्षांत आठ वेतं होतात. नियम म्हणतो, दीड वर्षाच्या आत मादी पैदाशीला वापरू नये आणि तिच्या जन्मभरात पाचांहून अधिक वेतं घेऊ नयेत. पिंजऱ्यातल्या मादीची वेतं मोजायला कोणी जात नाही. ती थकली की रात्री कुठेतरी सोडली जाते. रस्त्यावर सड लोंबणारी, पट्ट्याचा वण असलेली एखादी जातिवंत कुत्री भांबावून फिरताना दिसते, तेव्हा तिची पिल्लं कुणाच्या तरी दिवाणखान्यात असतात.

म्हणून पिल्लू घ्यायला त्याच्या आईच्या घरी जावं, दिवसाउजेडी जावं. आई म्हणून भलतीच कुत्री पुढे करण्याची चलाखीही होते. नुकत्या व्यालेल्या कुत्रीचे सड ताणलेले दिसतात, केस गळून अंग विरळ दिसतं आणि पिल्लं सोडली की ती सरळ तिच्या पोटाशी धावतात. मग विचारावं: हिचं वय किती? हे कितवं वेत? याआधीचं कधी झालं? लॅब्राडॉर असेल तर आईबापाच्या खुब्याचे एक्स-रे काढले आहेत का, आणि ते बघायला मिळतील का? या जातीत खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष पिढ्यान्‌पिढ्या उतरतो आणि पाचव्या-सहाव्या वर्षी कुत्र्याला जिना चढवेना होतो. ‘केसीआयचे पेपर आहेत’ हे या प्रश्नाचं उत्तर नाही. केनेल क्लबचा कागद वंशावळ सांगतो, प्रकृती सांगत नाही.

लसीचं कार्ड हातात घेऊन बघावं. लसीच्या बाटलीवरचं स्टिकर, तारीख, पशुवैद्याची सही आणि नोंदणी क्रमांक नसेल, नुसती पेनाने टिकमार्क असेल, तर लस झाली नाही असंच धरावं. कार्डावरच्या डॉक्टरांना स्वतः फोन करावा. एक लस खरोखर झाली असली तरी तेवढ्याने पिल्लू सुरक्षित होत नाही. आईच्या चिकातून आलेली प्रतिकारशक्ती त्या पहिल्या लसीला निष्प्रभ करू शकते, म्हणून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत डोस द्यावे लागतात. दलालाकडे चार ठिकाणची पिल्लं एका खोलीत येतात आणि तिथेच पार्व्होचा विषाणू लागतो. तो लागल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत बहुधा तीन ते सात दिवस जातात. पिल्लू घरी येतं तेव्हा शेपटी हलवत असतं. चौथ्या दिवशी खाणं सोडतं. फोन केला तर ‘जागा बदलली, पाणी बदललं, दोन दिवसांत खाईल’ असं सांगतात. ते दोन दिवस थांबू नये. उलटी आणि रक्ताचे जुलाब सुरू होण्याआधी सलाइन लागलं तर जगण्याची आशा बरीच वाढते.

विकणारा तुम्हाला काय विचारतो, हेही ऐकावं. दिवसभर घरात कोण असतं, भाड्याचं घर असेल तर मालकाची परवानगी आहे का, याआधी कुत्रं पाळलंय का, हे तो विचारत असेल तर त्याला पिल्लाची काळजी आहे. काही कारणाने सांभाळणं जमलं नाही तर परत घ्याल का, हे आपण विचारावं. चांगला माणूस म्हणतो, दुसऱ्या कुणालाही देऊ नका, माझ्याकडेच आणा. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडची नोंदणी, रीतसर पावती आणि पिल्लाला बसवलेल्या मायक्रोचिपचा क्रमांक मागायला संकोचू नये. नियमाने हे सगळं द्यायलाच हवं.

सगळ्यांत अवघड प्रसंग वेगळाच असतो. पिंजऱ्यात चिपड्या डोळ्यांचं, पोट फुगलेलं पिल्लू दिसतं आणि मन म्हणतं, निदान याला तरी सोडवू. ही करुणा खरी असते, म्हणूनच विकणारा ते पिल्लू पुढे ठेवतो. तुम्ही दिलेल्या पैशांतून त्याच आईचं पुढचं वेत येतं. दंडाने तो थांबत नाही. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. त्याला थांबवणारी एकच गोष्ट आहे, पिल्लू न विकलं जाणं. तेव्हा रिकाम्या हाताने बाहेर यावं, पण पत्ता, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, फोन क्रमांक आणि शक्य झाल्यास फोटो घेऊन यावं आणि त्याच दिवशी जिल्ह्याची प्राणिक्लेश प्रतिबंधक सोसायटी, राज्य प्राणी कल्याण मंडळ आणि पोलीस ठाणे, तिन्हीकडे लेखी तक्रार द्यावी. तक्रारीत पिल्लाबरोबर आईचाही उल्लेख करावा, नाहीतर पिल्लं उचलली जातात आणि ती तिथेच राहते.