त्रिकोण काढता येतो, पत्रिका वाचता येत नाही

बाबू, मोबाइल खिशात ठेव अन् समोर बस. काल संध्याकाळी राजराजेश्वराच्या देवळाजवळची ती बाई दोन्ही लेकरं घेऊन माझ्याकडे आली होती. मुलाला तू सांगितलंस, तुझा ग्रँड ट्राइन आहे, कला जन्मजात आहे, रियाजाची फार गरज नाही. त्यानं तबल्याच्या गुरुजींकडे जाणं सोडलं. दहावीच्या मुलीला सांगितलंस, तुझा टी-स्क्वेअर आहे, आयुष्यभर ओढाताण राहणार. ती पोरगी चार दिवस धड जेवली नाही. कोणी सांगितलं होतं तुले हे बोलायला?

आधी मुलाची पत्रिका काढ. ऑगस्ट 2003 चा जन्म. सायन पद्धतीनं चंद्र मेषेत 2 अंश, गुरू सिंहेत 27, प्लुटो धनूत 17. मेष, सिंह, धनू, तिन्ही अग्निराशी दिसल्या की झाला त्रिकोण, असंच ना? आता अंश मोज. चंद्रापासून गुरू 145 अंशांवर, गुरूपासून प्लुटो 110 वर, प्लुटोपासून पुन्हा चंद्र 105 वर. नवपंचम योग 120 अंशांचा. दीप्तांश सढळ हातानं द्यायचा म्हटला तरी सहा, फार तर आठ. एकही बाजू त्यात बसत नाही. मग त्रिकोण आला कुठून?

राशीवरून राशी मोजून नवपंचम धरायची आपली जुनी रीत आहे, ती मला ठाऊक आहे. पण तिथं आकृती नसते. पराशरी मतानं पाचव्या आणि नवव्या स्थानी पाहण्याची खास दृष्टी एकट्या गुरूला आहे. तिन्ही ग्रहांनी एकमेकांना जोडून घ्यायची आकृती पाश्चात्त्यांची, आणि ती अंशांवर उभी आहे. तू मोजणी घरची घेतलीस अन् आकृती परकी. शिवाय चंद्राची वेळ? आई म्हणते, दुपारी झाला, जेवणं व्हायची होती. चंद्र दोन तासांत जवळपास एक अंश सरकतो. दीप्तांशाच्या काठावर असलेला चंद्र घेऊन कधीही छातीठोक बोलू नकोस, हे मी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं.

खरा ग्रँड ट्राइन पाहायचा तर सचिन तेंडुलकरचा घे. 24 एप्रिल 1973. मंगळ कुंभेत 20 अंशांच्या आसपास, शनी मिथुनेत 17, हर्षल तुळेत 20. तिन्ही बाजू 117 ते 123 च्या दरम्यान. जन्मवेळ ठाऊक नसली तरी बिघडत नाही, कारण यात चंद्र नाही, लग्न नाही. निरयन करायचं तर साडेतेवीस अंश वजा कर. मंगळ मकरेत जातो, शनी वृषभेत, हर्षल कन्येत. वायुराशींचा त्रिकोण पृथ्वीराशींचा होतो, पण कोन जागचा हलत नाही. म्हणून तत्त्वावरून ‘हा बुद्धीचा त्रिकोण’, ‘हा कष्टाचा त्रिकोण’ असं सांगणाऱ्यानं आधी आपण कोणत्या चक्रात बोलतो आहोत ते ठरवावं. तू दोन्ही चक्रांत बोलतोस, सोयीनं.

आता पुढचं ऐक, इथंच तुझी गल्लत आहे. शनी आणि हर्षल तिथंच रेंगाळत होते, मंगळ दिवसाला पाऊण अंश चालत होता. म्हणजे हा त्रिकोण आकाशात दहा-बारा दिवस होता. त्या दिवसांत जन्मलेल्या प्रत्येक पोराच्या पत्रिकेत तो आहे, मोर्णेकाठच्याही. ते सगळे काय शतकं ठोकत बसले? आमचं शास्त्र म्हणतं, त्रिकोणातले ग्रह एकमेकांना अडवत नाहीत, म्हणून एखादी गोष्ट हाताला सहज येते. सहज येते, एवढंच. जे सहज येतं ते माणूस तपासत नाही, हा त्याचा दोषही त्याच पुस्तकात लिहिलाय, तू तेवढं पान उलटलंस. जानेवारी 2004 मध्ये सिडनीला सचिन काय करून गेला ते आठव. त्या मालिकेत ऑफस्टंपबाहेरचा चेंडू मारताना तो बाद होत होता. त्यानं आपला सगळ्यांत देखणा, सगळ्यांत सोपा फटका, कव्हर ड्राइव्ह, बाजूला ठेवला अन् 436 चेंडू खेळून नाबाद 241 केले. हे कोणत्या त्रिकोणानं शिकवलं? अन् तू त्या पोराला रियाज सोडायला लावतोस!

मुलीचा टी-स्क्वेअर मात्र खरा आहे, तेवढं तुझं बरोबर. मार्च 2010. सूर्य मेषेच्या सुरुवातीला, समोर तुळेत शनी, आणि दोघांना काटकोनात मकरेत प्लुटो. प्रतियोग एक, केंद्रयोग दोन. पण वाचलास कसा? शनी आणि प्लुटोचा केंद्रयोग 2009 च्या शेवटापासून 2010 च्या ऑगस्टपर्यंत वरचेवर जुळत होता. तिच्या वर्गातल्या कितीतरी पोरांच्या पत्रिकेत तो आहे. तिचा स्वतःचा म्हणावा असा एकच ग्रह, सूर्य, आणि तो दिवसाला एक अंश चालतो. आधी कोणता ग्रह जलद, कोणता संथ ते वेगळं करायचं. मग टोकाचा ग्रह पाहायचा, कारण दोघांची ओढ त्याच्यावर येते. मग टोकासमोरची रिकामी जागा पाहायची, इथं कर्क राशी, तिथं माणसाला जाणून कमवावं लागतं. एवढं केल्यावर जे बोलायचं ते हेच की पोरीला स्वतःचं म्हणणं आणि वडीलधाऱ्यांची शिस्त यांत ओढ जाणवत असेल. दहावीतल्या कुठल्या पोरीला जाणवत नाही?

अन् आणखी एक. तुझ्या वहीत बाबासाहेबांची पत्रिका पाहिली. 14 एप्रिल 1891, मीनेत गुरू, समोर कन्येत शनी, काटकोनात मिथुनेत नेपच्यून आणि प्लुटो. आकृती बरोबर काढलीस. त्या काळी हे कोणाला दिसलंही नसतं, प्लुटो सापडला 1930 मध्ये. पण खाली लिहिलंस, ‘शनीमुळे बालपणी अपमान.’ साताऱ्याच्या शाळेत त्यांना वेगळं बसवलं, पाण्याच्या भांड्याला हात लावू दिला नाही, ते शनीनं? माणसांनी केलं ते, नावागावाच्या माणसांनी. त्यांचं पाप ग्रहाच्या खात्यावर मांडतोस? चारही ग्रह संथ, ही आकृती महिनाभर तरी होती. ती ओळ खोडून टाक. माझ्यासमोर खोड.

डॉ. जयंत नारळीकरांनी 2008 मध्ये दाभोलकरांच्या साथीनं केलेली चाचणी तू ऐकली नसशील. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या चाळीस दिल्या, कोणती कोणाची ते ओळखा म्हणाले. 51 जणांनी पत्रिका मागवल्या, 27 जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी 46 टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तर पन्नास आले असते. आपल्या धंद्यातल्या लोकांनी त्यावर खूप आरडाओरडा केला. मी आकडे वाचले अन् त्या दिवसापासून ‘हुशार निघेल’, ‘मठ्ठ निघेल’ हे शब्द पत्रिकेवरून काढणं बंद केलं. तूही करशील, नाहीतर माझ्या ओसरीवर यायचं नाही.

आता ऊठ. त्या बाईंच्या घरी स्वतः जायचं, फोनवर नाही. मुलाला सांग की त्रिकोण मोजण्यात तुझी चूक झाली, अन् उद्यापासून गुरुजींकडे जायला लाव. मुलीला तिच्या पत्रिकेविषयी एक शब्दही बोलायचा नाही. परीक्षा कधी आहे ते विचार, अन् तिनं दिला तर चहा पिऊन ये.