ती उतरण तुझ्या डोळ्यांची आहे

वही मिटू नकोस. उघडीच राहू दे आणि इथे समोर बस. काल रात्री तुझे पाचही तक्ते मी दोनदा वाचले. पाच वाटा, प्रत्येक 800 मीटरची, प्रत्येकीवर तीन फेऱ्या, एकूण 12 किलोमीटर चाल आणि लालबुड्या बुलबुलांच्या 72 नोंदी. पहाटे उठून वेताळ टेकडी चढलास, त्याबद्दल मला शंका नाही. पण शेवटच्या पानावर 'टेकडीवर चौरस किलोमीटरला बुलबुलांचे 60 गट' असं जे लिहिलं आहेस, ते वाक्य मी या खोलीबाहेर जाऊ देणार नाही.

60 आले कुठून? वाटेच्या दोन्ही बाजूंना 50-50 मीटर धरलेस. 100 मीटर रुंदीचा पट्टा, 12 किलोमीटर लांब, म्हणजे 1.2 चौरस किलोमीटर. 72 भागिले 1.2, उत्तर 60. भागाकार बरोबर आहे. पण त्या भागाकारात तू एक गोष्ट गुपचूप मानून टाकलीस. त्या पट्ट्यात जेवढे बुलबुल होते तेवढे सगळे तुला दिसले, ही ती गोष्ट. तूच सांग, ग्लिरिसिडियाच्या झाडोऱ्यात 45 मीटरवर गप्प बसलेला बुलबुल तुला दिसतो? दहातला एक तरी दिसतो का?

मग प्रत्येक नोंदीपुढे अंतर लिहायला मी का सांगितलं होतं? तक्त्यातला रकाना भरायला नव्हे. ते अंतरच तुझ्या नजरेचा हिशेब देतं. नीट ऐक, हे एकदा समजलं की बाकी सगळं त्यातून निघतं. रेघ जर पक्ष्यांचा विचार न करता, चिठ्ठी टाकून कुठेही आखली असेल, तर रेघेपासून 5 मीटरवर जेवढे पक्षी असतात सरासरी तेवढेच 45 मीटरवरही असतात. पक्ष्यांना तुझी रेघ ठाऊकच नसते. तरीही नोंदी अंतराबरोबर कमी होत जातात. मग ही उतरण कोणाची? पक्ष्यांची नाही, तुझ्या डोळ्यांची आणि कानांची. त्या उतरणीचा आकार मोजला की किती पक्षी सुटले ते कळतं. किती अंतरावरचा पक्षी दिसण्याची शक्यता किती, हे सांगणाऱ्या या वक्राला शोध-फलन म्हणतात. बकलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली या पद्धतीवर आख्खं पुस्तक लिहिलं. आज ताडोबा-मेळघाटातले वनरक्षक चितळ-सांबर मोजायला रेंजफाइंडर आणि होकायंत्र घेऊन नेमून दिलेल्या सरळ रेघांवर चालतात, तेही याच पायावर.

आता आकडे बघ. समज, नोंदी नीट पडल्या असत्या आणि दर 10 मीटरला 28, 22, 13, 6, 3 अशा उतरत गेल्या असत्या. बेरीज तीच, 72. त्यावर घंटेच्या अर्ध्या भागासारखा वक्र बसवला की त्याखालचं क्षेत्रफळ सुमारे 25 मीटर येतं. याला प्रभावी पट्टारुंदी म्हणायचं. म्हणजे 50 मीटरपर्यंत तू जेवढे पाहिलेस, तेवढे पक्षी दोन्ही बाजूंच्या 25-25 मीटरमध्येच प्रत्यक्षात होते. आता सूत्रात घाल:

```
D = n / (2 × μ × L)
  = 72 / (2 × 0.025 × 12)
  = 120
```

120 गट. तुझ्या 60 च्या दुप्पट. अर्धे बुलबुल तू कागदावरून पुसून टाकलेस.

पण तुझ्या वहीत 28, 22, 13 नाहीत. तुझ्या वहीत आहे 11, 31, 18, 8, 4. हे पाहून तुला काहीच खटकलं नाही? रेघेच्या अगदी लगत, जिथे सगळ्यात स्पष्ट दिसायला हवं, तिथे 11 आणि त्याच्या पलीकडच्या 10 मीटरमध्ये 31! जवळचं कमी दिसतं आणि लांबचं जास्त, असे डोळे कोणाचे असतात?

याची दोन कारणं संभवतात आणि ती वेगळी करायला तुला पाच मिनिटं पुरली असती. पहिलं, तू अंतर अंदाजे लिहिलंस. ठीक 10 हा आकडा तुझ्या वहीत नऊ वेळा आहे, 20 त्याहून जास्त वेळा, 13 किंवा 17 एकदाही नाही. कपाटातला रेंजफाइंडर तू नेला होतास. मग तो गळ्यात घालून फिरायला नेला होतास का? सात-आठ मीटर दिसलं की 10 लिहायचं, आणि ती नोंद पुढच्या खणात जाऊन पडते. हे तपासायचं तर खणांच्या कडा हलव. 0 ते 5, 5 ते 15, 15 ते 25 असे खण कर. खड्डा फक्त आकडे गोल केल्यामुळे पडला असेल तर तो बुजतो. मी करून पाहिलं. 0 ते 5 मध्ये 14 च्या आसपास नोंदी असायला हव्यात, तुझ्या तीन आहेत. खड्डा बुजत नाही.

म्हणजे दुसरं कारण खरं. तुला दिसायच्या आधीच बुलबुल उडाले आणि ते जिथे जाऊन बसले तिथलं अंतर तू लिहिलंस. या पद्धतीची अट अशी आहे की पक्षी पहिल्यांदा जिथे होता ते अंतर मोजायचं. घाणेरीच्या झुडपातून निघून 15 मीटरवरच्या फांदीवर बसलेल्या बुलबुलाचं अंतर म्हणजे त्या झुडपाचं अंतर, फांदीचं नव्हे. तू मान खाली घालून वहीकडे पाहत चालतोस, हे मी स्वतः पाहिलं आहे. नजर पुढे, 30-40 मीटरवर हवी. सोबत्याला नुसतं रेघेवर समोर पाहायला सांग, बाजू तू बघ.

आणि या चुकीची किंमत काय, तेही मोजून घे. तुझ्या आकड्यांवर संगणक रुंद खांद्याचा वक्र बसवेल, कारण पहिले 20 मीटर मिळून 42 नोंदी जवळपास सपाट धरल्या की वक्र तिथे उतरतच नाही. पट्टारुंदी 25 च्या ऐवजी 34 मीटरच्या आसपास जाईल आणि उत्तर येईल 88. संगणक तक्रार करणार नाही. नीट छापलेला आलेख देईल, खाली अचूकतेची मर्यादाही देईल, आणि तू तो अहवालात चिकटवशील. म्हणूनच `ds()` चालवण्याआधी नोंदींचा स्तंभालेख डोळ्यांनी बघायचा, हे मी तुम्हाला पहिल्याच तासाला सांगितलं होतं.

अजून एक. तुझ्या तिसऱ्या तक्त्यात कोनाचा रकाना रिकामा आहे. पक्षी 40 मीटरवर, वाटेशी 30 अंशांचा कोन करून बसला असेल तर रेघेपासून त्याचं अंतर 20 मीटर:

```
x = r × sin(θ) = 40 × sin(30°) = 20
```

हिशेबात जातं ते हे 20, 40 नाही. कोन नसेल तर ती नोंद निरुपयोगी आहे. तो आख्खा तक्ता मी बाजूला काढला आहे.

आता ज्या गोष्टीने मला खरा राग आला ती. तू रेघा आखल्याच नाहीस. एआरएआयच्या बाजूने वर येणारी वाट, वेताळबाबाच्या देवळाकडची वाट, खाणीला वळसा घालणारी वाट, अशा लोक जिथे रोज फिरतात त्या पायवाटांनाच तू रेघ म्हणालास. सोपं पडलं म्हणून. पण आठव, मघाशी काय सांगितलं? उतरण डोळ्यांची आहे हे आपण तेव्हाच म्हणू शकतो, जेव्हा पक्षी रेघेच्या जवळ आणि लांब सारखेच असतात. पायवाटेच्या कडेला लोक पाण्याची भांडी ठेवतात, दाणे टाकतात, कडेची झाडं वेगळी असतात आणि सकाळी फिरणाऱ्यांची वर्दळ सतत चालू असते. काही पक्षी वाटेकडे ओढले जातात, काही वाटेपासून दूर राहतात. मग तुझ्या आलेखातली उतरण किती नजरेची आणि किती वाटेची? कोणीही सांगू शकत नाही. मीही नाही. नोंदी कितीही नेमक्या असल्या तरी हे नंतर दुरुस्त करता येत नाही, कोणत्याही सूत्राने नाही. खड्ड्याचा काही भाग त्या फिरणाऱ्यांमुळेही असेल. तू पोचायच्या आधीच त्यांनी पाखरं उठवलेली असणार.

शिवाय रेघा पाच आणि फेऱ्या पंधरा, म्हणून नमुने पंधरा, असं तू लिहिलंस. नाही. त्याच वाटेवर तिसऱ्यांदा गेलास तर चाल वाढते, नोंदी वाढतात, पण टेकडीचा नवा तुकडा मिळत नाही. नमुने पाचच. वक्र बसवायला 60 ते 80 नोंदी लागतात, तिसरा तक्ता धरून त्या तुझ्याकडे होत्या. पण टेकडीवर एका जागेहून दुसऱ्या जागी संख्या किती बदलते ते कळायला दहा-वीस तरी वेगळ्या रेघा हव्यात. छोट्या असल्या तरी चालतील.

तित्तरांचं पान मी फाडायला सांगणार आहे. या सगळ्या हिशेबाच्या मुळाशी एक अट आहे. रेघेवर, शून्य अंतरावर असलेला प्रत्येक पक्षी दिसलाच पाहिजे. बुलबुल बोलका आहे, उघड्यावर बसतो, त्याच्या बाबतीत ही अट बरीचशी पाळली जाते. पण तित्तर गवतात दबून बसतो आणि पाय त्याच्यावर पडेपर्यंत हलत नाही. शून्य अंतरावरचे निम्मेच तित्तर तुला दिसत असतील तर उत्तर निम्मंच येईल, आणि आलेख तरीही सुरेख उतरता दिसेल. आलेख पाहून ही चूक पकडता येत नाही. त्यासाठी दोन निरीक्षकांनी एकमेकांना न सांगता स्वतंत्र नोंदी ठेवाव्या लागतात. ते तू केलेलं नाहीस, म्हणून तित्तरांची घनता लिहायचा तुला अधिकार नाही.

आणि 'फेब्रुवारीत बुलबुल ऑगस्टपेक्षा जास्त' हे वाक्यही खोड. ऑगस्टात ग्लिरिसिडिया पानांनी गच्च असतो. फेब्रुवारीत पानं झडलेली, नुसत्या गुलाबी फुलांच्या काठ्या उभ्या असतात आणि 40 मीटरवरचा पक्षीही उघडा पडतो. नोंदी वाढल्या त्या पक्षी वाढल्यामुळे की पानं गळल्यामुळे? दोन ऋतूंना दोन वक्र लागतात, प्रत्येकाला पुरेशा नोंदी लागतात. तू दोन्ही एकाच खणात ओतलेस.

तर आता असं कर. नकाशा घे. टेकडीवर 200 मीटर अंतराने समांतर रेघा टाक, पहिली रेघ कुठून सुरू होईल ते चिठ्ठीने ठरव. रेघा माथ्याच्या कडेने नकोत, उताराला आडव्या छेदून वर-खाली जाऊ देत, म्हणजे पायथा, उतार आणि पठार तिन्ही त्यांच्या वाट्याला येतील. जिथे खाणीचा कडा आहे तिथे उतरू नकोस. तेवढा भाग सोड, आणि अहवालात लिही की हा अंदाज त्या भागाला लागू नाही. अंतर आडव्या रेषेत मोज, उताराच्या तिरक्या रेषेत नाही. बुलबुल जोडीने असेल तर जोडीच्या मधोमध नेम धर आणि संख्या वेगळ्या रकान्यात लिही, कारण 120 हे गट आहेत, पाखरं नव्हेत. गटामागे सरासरी दीड बुलबुल निघाले तरच ते 180 होतात.

मंगळवारी संध्याकाळपर्यंत रेघांचा नकाशा माझ्या टेबलावर हवा. बुधवारी पहाटे मी स्वतः तुझ्याबरोबर पहिल्या रेघेवर येणार आहे. रेंजफाइंडरचे सेल बदलून आण. पहिल्या 100 मीटरमध्ये मी तुला वही उघडू देणार नाही, नुसतं समोर पाहत चालायचं.