एकोणपन्नास रुपयांची टीम

ऑक्टोबर २०२३ मध्ये विश्वचषकातल्या बांगलादेश–इंग्लंड सामन्यावर पिंपरी-चिंचवडच्या एका पोलिस उपनिरीक्षकाने ड्रीम११वर टीम लावली आणि दीड कोटी रुपये जिंकले. परवानगी न घेता खेळले आणि गणवेशात मुलाखती दिल्या म्हणून काही दिवसांतच त्यांचं निलंबन झालं. बातमीचा हा दुसरा भाग फारसा कोणाच्या लक्षात राहिला नाही, पहिला मात्र गावोगावी पोचला. आष्टी-कड्यासारख्या गावांतल्या पोरांच्या लेखी तो पुरावाच होता: आपल्यासारखाच कुणीतरी जिंकतो.

त्या वर्षांत हा खेळ उघड होता आणि कायदेशीरही. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याला कौशल्याचा खेळ मानलं होतं आणि २०२३ मध्ये कंपनीचं नाव भारतीय संघाच्या जर्सीवर झळकलं. त्यामुळे ‘जुगार वाईट’ असं कॉलेजात कोणी सांगितलं की पोरं मनातल्या मनात हसत. त्यांच्या मते ते जुगार खेळत नव्हते, क्रिकेटची जाण वापरत होते.

या जाणकारीचा हिशेब मांडून पाहावा. दोन संघांचे बावीस खेळाडू. त्यातून अकरा निवडायचे, एकाला कॅप्टन करायचं म्हणजे त्याचे गुण दुप्पट, दुसऱ्याला व्हाइस कॅप्टन, त्याचे दीडपट. नियमांच्या अटी बाजूला ठेवल्या तर अकरांच्या सात लाखांहून जास्त जोडण्या होतात आणि कॅप्टन-व्हाइस कॅप्टनच्या निवडीसह तो आकडा पावणेआठ कोटींच्या आसपास जातो. कोण फॉर्मात आहे, खेळपट्टी कशी आहे, हे कळणाऱ्याच्या निम्म्या टीम आपोआप बाद होतील, मान्य. पण उरलेल्या कोट्यवधी टीममधून पहिली येणारी कोणती, हे शेवटी त्या रात्री कोणाचा झेल सुटला यावर ठरे. शिवाय मोठ्या स्पर्धेत एकाच खात्यातून वीस-वीस टीम लावता येत. एकेका टीमचे ४९ रुपये धरले तर ९८० रुपये लावणाऱ्याच्या समोर एक टीम घेऊन उतरलेला आष्टीचा विद्यार्थी, आणि कंपनी मात्र स्वतःचा वाटा आधीच काढून घेणारी.

४९ ही रक्कमही बेतूनच ठरवलेली असावी. वडापाव-चहाच्या खर्चात ती दिसत नसे. समजा एखाद्याने आयपीएलच्या ७४ सामन्यांना प्रत्येकी तीन टीम लावल्या, तर मोसमाचे १०,८७८ रुपये होतात. मधे शंभर-दोनशे परत येत, पण ते खात्यातून बाहेर निघतच नसत, पुढच्या टीममध्ये जात. म्हणून कुणाला विचारलं तर तो ‘मायनस नाही, बरोबरीत आहे’ असं सांगे, आणि प्रामाणिकपणे सांगे.

अभ्यासाचं नुकसान याहून साधं होतं. आयपीएल मार्चअखेर ते मेअखेर चालते आणि विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षाही याच काळात येतात. नाणेफेक सात वाजता. त्यानंतर खेळणारे अकरा जाहीर होतात आणि साडेसातला पहिला चेंडू पडेपर्यंत टीम बदलता येई. म्हणजे संध्याकाळी पुस्तक उघडायच्या नेमक्या वेळेला हा अर्धा तास येई, आणि सामना संपे अकराच्या पुढे. आईवडील कामासाठी बाहेरगावी गेलेले, घरात आजी आणि मोबाइल: अशा घरात रात्री अकरापर्यंत काय चाललंय हे कोण पाहणार?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. खेळणारा मात्र गुन्हेगार नाही. ड्रीम११ने पैशांच्या स्पर्धा लगेच थांबवल्या.

बंदीने उघड दुकान बंद केलं, मागचा दरवाजा तसाच राहिला. तिथे ‘आयडी’ चालते: व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी नाव-पासवर्ड देतो, पैसे यूपीआयने पाठवायचे. ओळखायची खूण सोपी आहे. दर वेळी पैसे घेणाऱ्याचं नाव वेगळं असतं. ही नावं बहुधा भाड्याने घेतलेल्या खात्यांची असतात, आणि गरजू विद्यार्थी हे अशी खाती गोळा करणाऱ्यांचं हक्काचं गिऱ्हाईक. ‘पासबुक, एटीएम आणि सिम दे, महिन्याला पैसे घे’ एवढाच व्यवहार.

जनजागृतीचे कार्यक्रम इथेच कमी पडतात. पोलिस अधिकारी येतात, स्लाइड दाखवतात, शपथ होते, फोटो निघतो. त्यापेक्षा राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात प्रत्येकाला आपल्याच यूपीआयचं तीन महिन्यांचं स्टेटमेंट काढायला लावावं, कोणाला न दाखवता बेरीज करायला लावावी. तो आकडा व्याख्यानापेक्षा जास्त बोलतो. ज्याला थांबताच येत नाही त्याच्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक फळ्यावर लिहावा.

आणि खातं भाड्याने देण्याचं पुढचं पाऊल सांगावं. अशा खात्यांतून फसवणुकीचा पैसाही फिरवला जातो: कुठेतरी फसवणूक झालेला माणूस १९३० वर तक्रार करतो, पैसा ज्या ज्या खात्यातून गेला ती खाती गोठवली जातात. त्यात महाडीबीटीची शिष्यवृत्ती जमा होणारं आधारशी जोडलेलं खातं असलं, तर फीचे पैसेही अडकतात आणि ते सोडवायला परराज्यातल्या सायबर पोलिसांशी पत्रव्यवहार करत बसावं लागू शकतं. आयडी देणारा तोवर दुसऱ्या नंबरवर गेलेला असतो.