सरासरी मिरचीची आणि युनिटची

‘बाजार पडला तर उलट चांगलंच, जास्त युनिट मिळतात.’ एसआयपी विकणाऱ्यांचं हे वाक्य खोटं नाही, म्हणूनच ते खोडणं अवघड जातं. ठरावीक रकमेत स्वस्ताईला जास्त माल येतो, हे नंदुरबारच्या बाजारात लाल मिरची घेणाऱ्यालाही कळतं. समजा, त्याने चार वेळा हजार-हजार रुपयांची मिरची घेतली आणि किलोचा भाव 50, 40, 25, 20 असा उतरत गेला. त्याच्या पदरात 20, 25, 40 आणि 50, म्हणजे 135 किलो पडले. चार भावांची सरासरी 33.75 रुपये, त्याला मात्र किलो पडली 29.63 रुपयांना. भाव हलता असला की हा फरक नेहमीच पडतो. ते निव्वळ गणित आहे.

पण मिरची खायची असते. कुटून डब्यात भरली की पुढचा भाव काही का होईना! युनिट मात्र एक दिवस विकावं लागतं आणि त्या दिवशीचा भाव तुमच्या सरासरीची पर्वा करत नाही. किलोऐवजी युनिट धरा: शेवटी 20 चा भाव, म्हणजे 4000 रुपयांचे 2700 झाले. आता तेच भाव उलटे लावा: 20, 25, 40, 50. युनिट तेवढेच, सरासरीही तीच, पण हाती 6750. शिवाय सगळे पैसे पहिल्याच दिवशी घातले असते तर 10,000. सरासरीला क्रम कळत नाही, गुंतवणूकदाराचं नशीब मात्र क्रमावरच ठरतं.

यावर विक्रेता म्हणेल, थांबा, दहा वर्षं थांबा. थांबण्याचा सल्ला वाईट नाही. पण मग सरासरीचं नाव कशाला? 120 हप्ते भरल्यावर 121वा हप्ता घातलेल्या रकमेच्या एक टक्क्याहूनही कमी असतो. जानेवारी 2020 मध्ये 42 हजारांजवळ असलेला सेन्सेक्स 23 मार्चला 26 हजारांखाली आला, तेव्हा जुन्या खातेदाराच्या एका स्वस्त हप्त्याने त्याची सरासरी हलली नसणार. त्याला तारलं ते पुढे बाजार चढला म्हणून.

मग एसआयपी टाकाऊ? इथवर येईपर्यंत तसंच वाटत होतं. पण ज्याचा पगारच महिन्याला येतो, त्याच्यापाशी एकरकमी घालायला असतं काय? त्याची एसआयपी म्हणजे पैसे आले तसे गुंतवणं, बाकी काही नाही. अडचण मिरची पिकवणाऱ्याची. त्याचा पैसा तोड्यांच्या हंगामात येतो. भर पावसाळ्यात खातं रिकामं असताना हप्ता परतला, तर बँक दंड कापते. त्याने हंगामाचे पैसे लिक्विड फंडात ठेवून तिथून दरमहा इक्विटी फंडात वळवावेत. ऐन शिखरावर सगळं घातल्याची हळहळ त्याने टळते. मधल्या काळात बाजार चढला, तर वाट पाहणाऱ्या पैशांची तेवढी कमाई मात्र बुडते.