चकवा

नागपूर खंडपीठात आठ वर्षे रिट याचिका चालवल्यानंतर प्रशासकीय कायदा आपल्याला येतो, असे मी धरून चाललो होतो. कॅनडाच्या बहुतेक प्रांतांत वकिली करायची तर परदेशी पदवीधराने आधी ‘नॅशनल कमिटी ऑन अॅक्रेडिटेशन’कडे अर्ज करायचा. विद्यापीठाची गुणपत्रके पाहून ही समिती कोणत्या परीक्षा द्यायच्या ते कळवते. माझ्या वाट्याला पाच आल्या: कॅनडाच्या कायद्याचा पाया, राज्यघटना, फौजदारी कायदा, प्रशासकीय कायदा आणि व्यावसायिक नीती. सोपा जाईल म्हणून प्रशासकीय कायदा आधी घेतला आणि त्यातच नापास झालो.

पेपर तीन तासांचा, पुस्तके उघडी ठेवून लिहायचा. पास व्हायला ५० टक्के. प्रश्न साधारण असा होता: एका बाईचा अर्ज अधिकाऱ्याने तिला न बोलावता, दोन ओळींत फेटाळला. तिला काय सल्ला द्याल? मी झरझर लिहीत सुटलो. नैसर्गिक न्याय डावलला, आदेश मनमानी आहे, तो रद्द व्हावा. १९७८ च्या मेनका गांधी निकालावर पोसलेला हात दुसरे काय लिहिणार?

चूक पुढे अभ्यास करताना सापडली. तिथे प्रक्रिया आणि निर्णयाचा आशय यांची तपासणी वेगवेगळी होते. प्रक्रियेसाठी १९९९ चा बेकर निकाल घ्यायचा. निर्णय कोणत्या स्वरूपाचा, कायद्याची रचना काय, त्या व्यक्तीच्या आयुष्यावर परिणाम किती, तिला काय अपेक्षा दिली गेली होती, कार्यालयाने स्वतः कोणती पद्धत निवडली, हे पाच मुद्दे तोलून मगच तिला किती सुनावणी मिळायला हवी ते ठरते. कधी लेखी म्हणणे पुरते.

आशयासाठी २०१९ चा वाविलोव्ह निकाल. टोरांटोत जन्मलेल्या या तरुणाचे आई-वडील रशियन हेर निघाले, म्हणून नागरिकत्व निबंधकांनी त्याचे नागरिकत्वाचे प्रमाणपत्र रद्द केले. सर्वोच्च न्यायालयाने निबंधकांनी दिलेली कारणे तपासली, आणि कायद्याचा त्यांनी लावलेला अर्थ त्या कारणांवर टिकत नाही, असे ठरवले. न्यायालय स्वतःचे मत अधिकाऱ्याच्या मताच्या जागी ठेवायला निघत नाही. निर्णय वाजवी आहे का, एवढेच पाहणे हा तिथला मूळ नियम. घटनात्मक प्रश्नासारखे अपवाद थोडे आहेत आणि ते नाव घेऊन सांगावे लागतात.

आणखी एक गोष्ट मला जास्त लागली. मी त्या बाईचा वकील होऊन लिहिले होते. परीक्षकाला हवा होता सल्ला, म्हणजे अधिकाऱ्याची बाजू कुठे भक्कम आहे हेही. कोर्टात ती बाजू मांडायला समोर सरकारी वकील उभे असतात. त्यामुळे ती स्वतः नीट मांडून पाहण्याची सवयच मला उरली नव्हती.

दुसऱ्या खेपेला, घरी कॅमेऱ्यासमोर बसून, तशाच एका प्रश्नाला पहिले वाक्य लिहिले: ‘तिला तोंडी सुनावणीचा हक्क होताच, असे म्हणता येणार नाही.’ ते लिहिताना हात अडखळला. मग बेकरचे पाचही मुद्दे एकेक करून त्या बाईच्या हकिकतीला लावले. त्या वेळी पास झालो. प्रांताच्या बार परीक्षा आणि आर्टिकलिंग अजून पुढे आहेत.