हिशेब कुणाच्या हाती?

१९८०च्या दशकात मुंबईत गर्भलिंगचाचणीच्या जाहिराती उघडपणे लागत. त्यांचे वळण साधारण एकच असे: आज चाचणीचे काहीशे रुपये मोजा आणि पुढे हुंड्याचे लाखो वाचवा. या जाहिरातींत मुलींविषयी एकही वाईट शब्द नसे. असे ते फक्त गणित, आणि ज्या समाजात हुंडा द्यावाच लागतो तिथे ते चुकलेलेही नव्हते. महिला संघटनांनी या चाचण्यांविरुद्ध आघाडी उघडली, त्यातून महाराष्ट्राने १९८८ साली गर्भलिंगनिदानावर बंदी आणणारा देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ साली आला आणि १ जानेवारी १९९६पासून लागू झाला.

हा कायदा कुणाचेही गणित तपासत बसत नाही. गर्भाचे लिंग सांगायचे नाही, शब्दाने नाही, खुणेने नाही, दुसऱ्या कोणत्याही रीतीने नाही, एवढेच तो म्हणतो. कारण कितीही रास्त असो, उत्तर तेच. असा आंधळा नियम शहाणपणाचा कसा ठरतो, हा उपयुक्ततावादाच्या घरातला जुना वाद आहे.

ज्या कृतीतून सर्वांचे मिळून जास्तीत जास्त भले होते ती कृती योग्य, हे बेंथम आणि मिल यांचे सूत्र. आगरकरांमुळे मराठी वाचकाला मिल परका नाही. पुढे या सूत्राचे दोन अर्थ झाले. कृतिनिष्ठ उपयुक्ततावादी म्हणतो, प्रत्येक प्रसंगी समोरच्या कृतीचे फायदेतोटे मोजा आणि ठरवा. नियमनिष्ठ उपयुक्ततावादी म्हणतो, मोजायचे ते नियम बनवताना मोजा. सर्वांनी पाळला तर सर्वाधिक भले करील असा नियम निवडा आणि मग प्रसंगाप्रसंगाला नव्याने हिशेब मांडू नका. जे. जे. सी. स्मार्ट या तत्त्वज्ञाने १९५६ साली दुसऱ्या मताला नियमपूजा म्हणून हिणवले. एखाद्या प्रसंगी नियम मोडल्याने भले होणार हे डोळ्यांना दिसत असताना तो पाळण्यात कसला विवेक, हा त्याचा प्रश्न. प्रश्न बिनतोड वाटतो. त्याची परीक्षा बीड जिल्ह्यात घेता येते.

धर्मापुरी हे याच जिल्ह्यातले, परळी-अंबाजोगाईच्या टापूतले गाव. तिथले एक कल्पित कुटुंब घेऊ. दोन मुली, थोडी कोरडवाहू जमीन, सुनेला तिसऱ्यांदा दिवस गेलेले. सासूचा तगादा आहे, तिसरी मुलगी झाली तर सुनेचे हाल होतील हे माहेरच्यांनाही ठाऊक आहे. सोनोग्राफीच्या खोलीत नातेवाईक हळूच विचारतात, पेढा की बर्फी? डॉक्टर सज्जन आहे आणि कृतिनिष्ठ उपयुक्ततावादी आहे असेही धरू. तो मोजू लागतो. सांगितले तर या बाईचा छळ टळेल, दोन मुलींच्या वाट्याला घरातले थोडे अधिक येईल. गर्भपात या देशात १९७१च्या कायद्याने ठरावीक अटींवर मान्यच आहे, म्हणजे तो मुळातच पाप आहे असे म्हणून हा हिशेब थांबवता येत नाही. राहिला समाजाचा तोटा. पण एका गर्भाने जिल्ह्यातले मुलींचे प्रमाण किती बदलणार? बदल इतका सूक्ष्म की मोजताच येत नाही. हिशेबाच्या एका बाजूला ठसठशीत दुःख, दुसऱ्या बाजूला जवळजवळ शून्य. उत्तर उघड आहे.

तेच उत्तर शेजारच्या घरी निघते, त्याच्या पलीकडच्या घरीही.

बीड जिल्ह्यात २००१च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. २०११ साली त्या ८०७ झाल्या. राज्यातला तो सर्वांत खालचा आकडा होता. निसर्गतः जन्माच्या वेळी हजार मुलांमागे साधारण साडेनऊशे मुली असतात. या वयोगटाच्या आकड्यात बालमृत्यूही मिसळलेले असतात, म्हणून सगळी तूट सोनोग्राफीच्या खोलीतली म्हणता येणार नाही. पण दहा वर्षांत हजारामागे ८७ मुली कमी होण्याला दुसरे पुरेसे स्पष्टीकरण नाही. लग्नाला मुलगी मिळत नाही ही पुढची तक्रार त्याच घरांतून येते, ज्यांनी मुलगा मिळवला होता.

कृतिनिष्ठ हिशेबाची खरी गोची इथे आहे. त्यात कुणी ढोबळ चूक केलेली नसते. नुकसान एका कृतीत सापडतच नाही, ते फक्त बेरजेत असते, आणि एकेका प्रसंगावर वाकून बघणाऱ्याला बेरीज दिसत नाही. स्मार्टचा पाठीराखा म्हणेल, मग त्या डॉक्टरने बेरीजही हिशेबात धरावी. धरली तरी काय होते? बाकीचे सांगणार असतील तर माझ्या एकट्याच्या गप्प राहण्याने काही वाचत नाही. बाकीचे गप्प राहणार असतील तर माझ्या एकट्याच्या सांगण्याने काही बिघडत नाही. दोन्हीकडून निष्कर्ष एकच, सांगून टाकावे. सर्वांना एकदम बांधणारा नियमच हे चक्र तोडू शकतो.

दुसरी अडचण मोजणाऱ्याची. ज्या मुलीबद्दल ठरवायचे ती खोलीत नाही. जिच्या शरीराबद्दल ठरवायचे ती दबावाखाली बोलते आहे. डॉक्टरला सांगण्याचे पैसे मिळणार आहेत. अशा माणसांनी प्रामाणिकपणे मांडलेला हिशेबही एकाच बाजूला झुकतो, आणि तो झुकला आहे हे त्यांना कळत नाही. परळीत मे २०१२मध्ये एका रुग्णालयात बेकायदा गर्भपाताच्या वेळी एक महिला दगावली. ते रुग्णालय चालवणाऱ्या डॉक्टर दांपत्याला २०१९ साली न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा सुनावली. एकेका कुटुंबाची अडचण सोडवता सोडवता असा धंदा उभा राहतो.

हा वाद न्यायालयातही जवळजवळ तत्त्वज्ञानाच्या भाषेत झाला आहे. दोन मुलींच्या आईवडिलांनी मुंबई उच्च न्यायालयात या कायद्याला आव्हान दिले. आम्हाला मुली आहेतच, आता मुलगा हवा, म्हणजे कुटुंब समतोल होईल. आमच्या बाबतीत मुलींचा द्वेष कुठे आहे, असे त्यांचे म्हणणे. गर्भनिरोधक फसल्याने होणारा मनस्ताप कायदा गर्भपातासाठी ग्राह्य धरतो, तर नको असलेल्या लिंगाच्या गर्भाचा मनस्ताप का नाही, असाही युक्तिवाद होता. सुटी केस म्हणून पाहिली तर बाजू अगदीच लेचीपेची नव्हती. २००७ साली न्यायालयाने ती फेटाळली. समतोल कुटुंबाची सवलत एकदा दिली की दोन मुली असलेले प्रत्येक घर तिच्यात बसते, आणि महाराष्ट्रात चाचणीच्या दारात उभी राहणारी घरे बहुतांशी हीच असतात.

डॉक्टरांची तक्रार वेगळी आणि जास्त गंभीर आहे. प्रत्येक गर्भवतीच्या सोनोग्राफीसाठी ‘फॉर्म एफ’ भरावा लागतो. त्यात तिचे नाव, पत्ता, आधीची मुले किती व कोणती, कुणी पाठवले, तपासणीचे कारण काय हे लिहायचे, आणि तिची व डॉक्टरची प्रतिज्ञापत्रे जोडायची. या नोंदीतली त्रुटी हा लिंगनिदानबंदीचाच भंग मानला जातो. तसे नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारी डॉक्टरवर. अर्धवट पत्त्यासाठी मशीन सील, खटला आणि तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची टांगती तलवार, यावर २०१६ साली रेडिओलॉजिस्टांनी देशभर संप केला. स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. ३ मे २०१९ रोजी न्या. अरुण मिश्रा आणि न्या. विनीत सरन यांनी याचिका फेटाळली. ज्याला लपवायचे आहे तो आधी कागदच रिकामा ठेवतो, हे या निकालामागचे मर्म.

ते पटण्यासारखे आहे. खोलीत काय कुजबुजले गेले याचा पुरावा कधीच मिळत नाही. तपासता येतो तो कागद. आधीच्या दोन्ही मुली, तपासणीचे कारण मोघम आणि पाठवणाऱ्या डॉक्टरचे नाव कोरे, असे फॉर्म एकाच केंद्रात वारंवार दिसले तर तपासणाऱ्याला धागा मिळतो. म्हणून नियम तपासता येईल अशा जागी रोवावा लागतो, आणि त्या जागी निरपराध चूक आणि हेतुपुरस्सर लबाडी सारखीच दिसते. याची किंमत खऱ्या माणसांना मोजावी लागते. खेड्यापाड्यातला एखादा सचोटीचा डॉक्टर कटकट नको म्हणून सोनोग्राफी बंद करतो, आणि गर्भाच्या वाढीची साधी तपासणी करायलाही बाईला तालुक्याला जावे लागते. नियमनिष्ठांनी हा तोटा लपवू नये.

मग अपवाद का ठेवू नयेत? १९६५ साली डेव्हिड लायन्सने इथेच बोट ठेवले. नियमाला प्रत्येक रास्त प्रसंगी अपवाद जोडत गेलात तर शेवटी नियम उरत नाही, कृतिनिष्ठ हिशेबच मागल्या दाराने आत येतो. पण हा कायदाच त्याला उत्तर देतो. त्यात अपवाद आहेत. हिमोफिलियासारखे लिंगाशी जोडलेले आनुवंशिक आजार तपासता येतात. गर्भवतीचे वय ३५च्या वर असेल किंवा आधी दोन वा अधिक गर्भपात आपोआप झाले असतील तर गर्भाच्या विकृतीचे निदान करता येते. ही कारणे वय, आजार, पूर्वेतिहास अशी आहेत. ती आधी ठरलेली आहेत आणि तिऱ्हाइताला पडताळता येतात. घरातले दुःख, सासूचा तगादा, समतोल कुटुंब हे खरे असू शकते, पण तिऱ्हाइताला ते पडताळता येत नाही आणि प्रत्येकाला ते सांगता येते. अपवादाची मर्यादा इथे आखली की लायन्सची भीती उरत नाही.

स्मार्टचा आक्षेपही मग जागेवर येतो. नियमाची पूजा करायची नाही हे खरे. तो जुना झाला, जाचक झाला तर बदलायलाच हवा. पण बदलायची जागा विधिमंडळ आणि संसद आहे, सोनोग्राफीची खोली नव्हे. डॉक्टरांच्या संघटनांनी मागावे ते असे: राहून गेलेल्या पत्त्याला दंड, वारंवार राहून गेलेल्या कारणाला परवाना निलंबन, लिंग सांगितल्याला कैद, अशी शिक्षेची चढण कायद्यात लिहून घ्यावी. ही मागणी न्याय्य आहे आणि तिने नियम सैल होत नाही. ‘हेतू चांगला असेल तर सोडा’ ही मागणी मात्र कुणीही मान्य करू नये, डॉक्टरांनी तर मुळीच करू नये, कारण ती मान्य झाली तर पेढा-बर्फीच्या प्रश्नाला नाही म्हणण्याचे त्यांच्याकडचे एकमेव कारण संपते.