अटीसकट आकडा

‘महिन्याला फक्त पाच हजार भरा आणि वीस वर्षांत पन्नास लाख मिळवा.’ मोबाइलवर पैशाचे सल्ले ऐकणाऱ्या प्रत्येकाने इक्विटी फंडाच्या एसआयपीबद्दलचे हे वाक्य कुठल्या ना कुठल्या आवाजात ऐकलेले असते. त्यातला हिशेब चुकीचा नाही. वर्षाला १२ टक्के दर धरून मासिक चक्रवाढ केली, तर ५ हजारांच्या २४० हप्त्यांचे खरोखरच ५० लाखांच्या आसपास होतात. तरीही वाक्य फसवे आहे, कारण १२ टक्के हा गृहीत धरलेला दर त्यातून गाळला आहे आणि ‘होऊ शकतात’च्या जागी ‘मिळवा’ आले आहे. ऐकणाऱ्याला वाटते, ही बँकेतल्या ठेवीसारखी ठरलेली रक्कम आहे.

आर्थिक सल्ल्याच्या व्हिडिओची संहिता लिहिताना बहुतेक जण सावधगिरीची सूचना सर्वांत शेवटी, घाईघाईने वाचण्यासाठी ठेवतात. माझे म्हणणे असे की, सूचनेची जागा दाव्याच्या वाक्यातच आहे. व्हिडिओ सलग कोणी पाहत नाही. पहिली दहा सेकंदे पाहून माणूस पुढे सरकतो किंवा त्यातला तुकडा कापून व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवतो. अशा वेळी शेवटची सूचना मागे राहते आणि प्रवास एकटा दावाच करतो. म्हणून प्रत्येक दावा आपली अट सोबत घेऊनच लिहिला गेला पाहिजे, म्हणजे तो कुठेही कापला तरी अट त्याच्याबरोबर जाईल.

याच वाक्यावर काम करून पाहू. पहिली दुरुस्ती दराची. एकच दर सांगितला की तो वचनासारखा ऐकू येतो. दोन सांगितले की ऐकणाऱ्याला आपोआप कळते की ही शक्यता आहे. दर ८ टक्के धरला तर तेच हप्ते साडेएकोणतीस लाखांच्या आसपास थांबतात. चार टक्क्यांच्या फरकाने वीस लाख कमी होतात, हे ऐकल्यावर ‘खात्री’ हा शब्द कोणाच्या मनात उरत नाही. दुसरी दुरुस्ती महागाईची. दरसाल ६ टक्के महागाई धरली, तर वीस वर्षांनंतरच्या ५० लाखांत आजच्या सुमारे साडेपंधरा लाखांएवढीच खरेदी होईल. मुलीच्या शिक्षणाचा किंवा घराचा हिशेब त्या ५० लाखांवर बांधणाऱ्याला हे माहीत असायलाच हवे.

तिसरी दुरुस्ती वाटेतल्या घसरणीची. सरासरी दर ऐकला की रक्कम दरवर्षी शिस्तीत वाढेल असा समज होतो. जानेवारी २०२० मध्ये ४२ हजारांच्या घरात असलेला सेन्सेक्स २३ मार्चला २६ हजारांच्या खाली बंद झाला. नेमके तेव्हाच ज्याला पैसे काढावे लागले, त्याच्या दृष्टीने वीस वर्षांची सरासरी निरर्थक होती. म्हणून ‘दीर्घ मुदत’ एवढे म्हणून भागत नाही. पाच-सात वर्षांच्या आत लागणारा पैसा यात घालू नका, असे स्पष्ट म्हणावे लागते.

चौथी दुरुस्ती ऐकणाऱ्याच्या मिळकतीची. उदाहरणार्थ, रत्नागिरीतून, रत्नागिरीकरांसाठी बोलणाऱ्याने ती टाळता कामा नये. दरमहा ठरावीक तारखेला खात्यातून हप्ता वळता होणे, ही पद्धत पगारदाराच्या बेताची आहे. हापूसच्या बागायतदाराच्या हातात पैसा येतो तो मार्च ते मे या काळात. मोहोर टिकवण्यासाठीच्या फवारण्यांचा खर्च मात्र त्याआधी महिनोन् महिने चालू असतो. मिरकरवाड्याच्या यांत्रिक नौकांवर ज्यांचे घर चालते, त्यांची मिळकत १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत थांबते. अशा माणसाच्या खात्यात हप्त्याच्या दिवशी शिल्लक नसली तर बँक दंड आकारते आणि मासिक एसआयपीचे सलग तीन हप्ते चुकले की ती बंद होते. या माणसाला ‘शिस्तीने दरमहा भरा’ हा सल्ला नुकसानीचा आहे. आधी कमाई नसलेल्या महिन्यांचा खर्च बचत खात्यात बाजूला काढा आणि हंगामात जमेल तेवढी रक्कम स्वतः भरा, हा त्याच्या उपयोगाचा सल्ला.

आता ही संहिता बोलीत कशी उतरते ते पाहा:

‘इक्विटी फंडात दरमहा ५ हजार वीस वर्षे भरले, म्हणजे खिशातून गेले १२ लाख. सरासरी ८ टक्के वाढ मिळाली तर त्याचे साडेएकोणतीस लाखांच्या आसपास होतील, १२ टक्के मिळाली तर ५० लाखांच्या आसपास. यातला कुठलाच दर नक्की नाही आणि मधे एखाद्या वर्षी भरलेल्यापेक्षा कमी रक्कमही दिसू शकते. महागाई ६ टक्के राहिली तर ते ५० लाख आजच्या साडेपंधरा लाखांसारखे असतील. पाच-सात वर्षांत लागणारा पैसा यात घालू नका. तुमची कमाई हंगामी असेल, तर आधी रिकाम्या महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा.’

सावकाश वाचले तरी हे पाऊण मिनिटाच्या आसपास संपते. दीड मिनिटाच्या व्हिडिओत सूचनांना जागाच नसते, ही सबब त्यामुळे टिकत नाही.

संहितेचा आणखी एक भाग लिहिणारे विसरतात: शीर्षक आणि मुखचित्रावरची अक्षरे. आत सगळे नेमके बोलून बाहेर ‘५ हजारांचे ५० लाख!’ असे लिहिले, तर जे उघडून पाहतच नाहीत त्यांच्यापर्यंत खोटेच पोचते. मुखचित्र आणि पहिली दहा सेकंदे एवढेच एखाद्या अनोळखी माणसाला दाखवावे आणि काय समजले ते विचारावे. तो ‘५० लाख मिळतात’ म्हणाला, तर संहिता पुन्हा लिहायला हवी.

या दक्षतेला कायद्याचीही बाजू आहे आणि मराठी प्रेक्षकांनी ती जवळून पाहिली आहे. मराठीतून शेअरबाजार शिकवणाऱ्या पुण्याच्या रवींद्र भारती एज्युकेशन इन्स्टिट्यूटवर सेबीने एप्रिल २०२४ मध्ये कारवाई केली. नोंदणी नसताना सल्ला देणे आणि खात्रीशीर परताव्याची आश्वासने देणे हे आक्षेप त्यात होते. डिसेंबर २०२५ मध्ये अवधूत साठे यांच्या अकादमीविरुद्ध सेबीचा अंतरिम आदेश आला. त्यात निवडक प्रशिक्षणार्थींचा नफा पुढे करण्यावर बोट ठेवले होते. निवडक नफा दाखवणे हे अट गाळण्याचेच दुसरे रूप आहे: सांगितलेली उदाहरणे खरी असू शकतात, न सांगितलेली मात्र चित्र बदलतात. वायदेबाजारात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वैयक्तिक पातळीवर व्यवहार करणाऱ्यांपैकी ९३ टक्के जणांना तोटा झाला, असे सेबीच्याच अभ्यासात आढळले. यशाची एक कहाणी सांगायची, तर हा आकडा तिच्या शेजारच्याच वाक्यात यायला हवा.

केवळ शिकवणाऱ्यालाही मर्यादा आहे. सेबीच्या जानेवारी २०२५ च्या परिपत्रकाने शिक्षणाच्या नावाखाली मागच्या तीन महिन्यांतला बाजारभाव वापरून एखाद्या शेअरबद्दल बोलायला मनाई केली. सोपा मार्ग असा की, नोंदणी नसेल तर कुठल्याही शेअरचे वा योजनेचे नाव घेऊन ‘घ्या’ किंवा ‘विका’ म्हणू नये. एखाद्या कंपनीकडून पैसे मिळाले असतील, तर ते वर्णनाच्या तळाशी न दडवता सुरुवातीलाच तोंडाने सांगावे.

शेवटी, संहितेत तारीखही बोलली गेली पाहिजे. व्हिडिओ वर्षानुवर्षे फिरत राहतो, नियम मात्र बदलतात. इक्विटी फंडांच्या दीर्घकालीन नफ्यावरचा कर २३ जुलै २०२४ पासून १० टक्क्यांवरून १२.५ टक्के झाला. त्याआधीचे असंख्य व्हिडिओ आजही १० टक्केच सांगतात. ‘हे दर अमुक महिन्यातले आहेत, भरण्यापूर्वी ताजे तपासा’ एवढे एक वाक्य करदराच्या वाक्याला जोडावे. दर बदलला की वर्णनात दुरुस्ती टाकावी आणि मूळ दावाच खोटा ठरला तर व्हिडिओ काढून टाकावा. पाहणाऱ्यांची संख्या कितीही वाढलेली असली, तरी ही जबाबदारी लिहिणाऱ्याचीच राहते.